कबड्डी सामन्याची क्षणचित्रफीत: निवडीचा नियम आणि कापणीच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

जिल्हास्तरीय स्पर्धेतील पुरुष गटाच्या एका सामन्याचे संपूर्ण चित्रण हाती आले आहे. मॅटच्या लांब बाजूला, थोड्या उंचीवर तिवईवर ठेवलेल्या एकाच कॅमेऱ्याने ते केले आहे. खेळाडूंची ओळख, मध्यंतर, विश्रांतीचे क्षण आणि पंचांशी झालेल्या चर्चा धरून त्याची लांबी १ तास ४ मिनिटे भरते. गणवेशावरून मी संघांना पांढरा आणि निळा असे म्हणणार आहे. मध्यंतराला पांढरा संघ १४–१७ असा मागे होता आणि शेवटी त्याने ३३–३१ असा विजय मिळवला.

यातून दहा मिनिटांच्या आतली अशी फीत करायची आहे की सामना न पाहिलेल्या माणसाला तो कसा फिरला हे समजावे. प्रशिक्षकांनी ती दोन्ही संघांना द्यायची ठरवले असल्यामुळे कोणते प्रसंग घेतले आणि कोणते का सोडले, याचे उत्तर कोणालाही देता आले पाहिजे. म्हणून "जे आवडले ते घेतले" अशी निवड येथे चालणार नाही. कापणी सुरू करण्यापूर्वी नियम लिहून काढायचा, तो गुणांच्या नोंदीवर लावायचा आणि त्यातून जी यादी निघेल तीच कापायची, असे ठरवले आहे.

कबड्डीत हे जमण्यासारखे आहे, कारण खेळाचे एकक आयतेच मिळते. फुटबॉलमध्ये एखादी चाल कुठे सुरू झाली यावर वाद होऊ शकतो, परंतु कबड्डीत चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो तेव्हा चढाई सुरू होते आणि तो परत येतो, बाद होतो किंवा ३० सेकंद संपतात तेव्हा ती संपते. त्यामुळे निवड चढायांची करायची. तिच्या आतले सेकंद निवडत बसायचे नाही.

१२ जानेवारी

गुणलेखकाच्या गुणपत्रकाची प्रत मिळाली. त्यावर दोन्ही संघांचे गुण ओळीने आहेत, पण कोणता गुण चित्रणात कितव्या मिनिटाला आला हे त्यावरून कळत नाही, आणि निष्फळ चढायांचा तर त्यात मागमूसही नसतो. म्हणून संपूर्ण चित्रण दुप्पट वेगाने पाहून प्रत्येक चढाईची एक ओळ याप्रमाणे स्वतंत्र तक्ता तयार केला. त्याची मांडणी अशी आहे:

```
kram,suru,shevat,chadhai,gun_p,gun_n,gadi_p,gadi_n
41,00:29:12.4,00:29:27.0,n,0,1,3,6
```

या ओळीचा अर्थ असा की एकेचाळिसावी चढाई निळ्या संघाची होती, तिच्यात निळ्याला एक गुण मिळाला आणि चढाई संपल्यावर पांढऱ्याचे ३ व निळ्याचे ६ गडी मैदानात उरले. शेवटचे दोन स्तंभ सुरुवातीला अनावश्यक वाटू शकतात, पण मैदानात किती गडी उरले आहेत हे कळल्याशिवाय कबड्डीतल्या एका गुणाची किंमत ठरत नाही. बचावात तीन किंवा कमी गडी असताना केलेली पकड ही अव्वल पकड ठरून तिला दोन गुण मिळतात, आणि समोरची बोनस रेषा ओलांडून बोनस गुण मिळवण्यासाठी समोर किमान सहा बचावपटू असावे लागतात.

तक्त्यात एकूण ८६ चढाया भरल्या. त्यांपैकी ३८ निष्फळ आणि ४८ गुणांच्या आहेत. स्तंभांची बेरीज ३३ आणि ३१ आली, म्हणजे गुणपत्रकाशी ती जुळली. ही पडताळणी न करता पुढे जाऊ नये, कारण एखादा गुण गळला की त्यानंतरची प्रत्येक आघाडी आणि प्रत्येक बरोबरी तक्त्यात चुकीची दिसू लागते.

१४ जानेवारी

नियमाचा पहिला मसुदा लिहिण्यापूर्वी एक सोपा पर्याय तपासून बाजूला ठेवला, तो म्हणजे प्रेक्षकांचा आवाज. आवाजाचा आलेख काढून त्यातली शिखरे घेतली तर निवड आपोआप होते, असे पुष्कळ जण करतात. या सामन्यात पांढरा संघ यजमान होता आणि त्याचे समर्थक कॅमेऱ्याच्या बाजूलाच बसले होते. त्यामुळे पांढऱ्याचा साधा बोनसही निळ्याच्या अव्वल पकडीपेक्षा मोठा वाजतो. शिवाय संपूर्ण चित्रणातला सर्वांत मोठा गोंगाट एका वादग्रस्त निर्णयाच्या वेळचा आहे, ज्यात खेळ थांबलेलाच होता. आवाजावरून प्रेक्षक कोणाचे होते ते कळते, सामन्याला वळण कुठे मिळाले ते कळत नाही.

मसुद्यात दोन कलमे आहेत. पहिल्या कलमानुसार, एकाच चढाईत एकाच संघाला दोन किंवा अधिक गुण मिळाले असतील तर ती चढाई घ्यावी; यात अव्वल पकड, दोन वा अधिक गडी टिपणारी चढाई आणि एखाद्या संघाचा शेवटचा गडी बाद होऊन त्याच्यावर लोण पूर्ण होतो ती चढाई हे सर्व येते. दुसऱ्या कलमानुसार, दोन्ही संघांचे मिळून दहा गुण झाल्यानंतर ज्या चढाईने आघाडी बदलली किंवा बरोबरी झाली ती चढाई घ्यावी. दहा गुणांची अट घालण्याचे कारण असे की आरंभी १–०, १–१, २–१ असे जे होते त्याला आघाडीची उलथापालथ म्हणणे बरोबर नाही.

पहिल्या कलमात "एकाच संघाला" हे शब्द मुद्दाम घातले आहेत. या सामन्यात एका चढाईत निळ्याच्या चढाईपटूने बोनस मिळवला आणि लगेच त्याची पकड झाली. दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज दोन झाली खरी, परंतु फरक होता तसाच राहिला. अशी चढाई मोठी मानली तर सामन्यात काहीच न बदलणारा प्रसंग फितीत येईल.

१५ जानेवारी

मसुदा तक्त्यावर लावला. पहिल्या कलमाने १० चढाया दिल्या आणि दुसऱ्याने ७. त्यांतल्या दोन सामाईक असल्यामुळे एकूण १५ झाल्या. त्या पंधरांत मिळून ३० गुण आहेत, आणि त्यांची वाटणी पांढरा १९, निळा ११ अशी होते.

येथे थांबून विचार करणे भाग पडले. सामना दोन गुणांच्या फरकाने संपला, आणि यादीत मात्र निळ्या संघाचे गुण पांढऱ्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त आहेत. ही फीत पाहणाऱ्याला वाटेल की पांढऱ्याने सामना एकतर्फी जिंकला. कारण शोधताना तक्त्यातल्या निळ्याच्या ओळी वेगळ्या काढल्या आणि चित्र स्पष्ट झाले. पांढरा संघ थांबून खेळतो आणि मग एकाच चढाईत दोन-तीन गडी घेतो. निळा संघ त्याच्या उलट एकेक गुण गोळा करतो, कधी बोनस, कधी कोपऱ्यातल्या गड्याला हलका स्पर्श, कधी साधी पकड. मध्यंतरापर्यंतची त्याची आघाडी जवळपास पूर्णपणे अशा सुट्या गुणांनी उभी राहिली आहे. "दोन किंवा अधिक" हे कलम वरकरणी तटस्थ दिसते, परंतु प्रत्यक्षात ते एका खेळशैलीच्या बाजूने झुकलेले आहे. मोठ्या फटक्याने खेळणाऱ्या संघाला ते उचलून धरते आणि संयमाने खेळणाऱ्याला पुसून टाकते.

यावर उपाय म्हणून निळ्याच्या काही चढाया हाताने वाढवणे मला मान्य नाही. तसे केले तर नियमाला अर्थ उरत नाही आणि पांढऱ्या संघाने प्रश्न विचारला तर उत्तरही नसते. सुट्या गुणांची किंमत जिथे खरोखर वाढते ती स्थिती शोधून तिचे कलम करायला हवे.

१८ जानेवारी

अशी एक स्थिती लोणाची आहे. पूर्वार्धात निळ्याने पांढऱ्यावर लोण चढवला तो प्रसंग तक्त्यावरून उलगडून पाहिला. पांढऱ्याचे चार गडी उरले होते. निळ्याने एकाला टिपले, तीन उरले. पांढऱ्याचा चढाईपटू आत गेला आणि पकडला गेला, दोन उरले. निळ्याने पुन्हा एकाला टिपले, आणि शेवटी एकटा उरलेला गडी चढाईला गेला व त्याची पकड झाली. या शेवटच्या पकडीचा एक आणि लोणाचे दोन असे तीन गुण झाल्यामुळे पहिल्या कलमाने फक्त तीच चढाई उचलली. पडद्यावर तिचे दृश्य असे दिसते की एकटा गडी सात जणांत शिरतो आणि चार पावलांत संपतो. त्यात पाहण्यासारखे काहीच नाही. खरा खेळ आधीच्या तीन चढायांत झाला, जेव्हा प्रत्येक वेळी एक गुण मिळवला असता तर पांढऱ्याचा एक गडी उठून आत आला असता आणि लोण टळला असता.

म्हणून तिसरे कलम असे लिहिले: एखादा संघ ज्या गुणाने तीन किंवा कमी गड्यांवर आला तिथपासून त्याच्यावर लोण पूर्ण होईपर्यंतच्या सर्व गुणांच्या चढाया घ्याव्यात. गडी पुन्हा उठून चारच्या वर गेले आणि लोण टळला, तर ही साखळी धरू नये. या कलमाने निळ्याच्या लोणाच्या तीन चढाया वाढल्या. पांढऱ्याने उत्तरार्धात चढवलेल्या लोणात एकही वाढली नाही, कारण तिथे आधी तीन आणि मग दोन गडी एकेका चढाईतच टिपले गेले होते आणि त्या दोन्ही चढाया पहिल्या कलमात आल्याच होत्या.

१९ जानेवारी

दुसरी स्थिती शेवटच्या तीन मिनिटांची. त्या वेळी गुणफलक ३१–२९ असा पांढऱ्याच्या बाजूने होता. त्यानंतरच्या सात चढाया अशा आहेत: निळ्याने एक गडी टिपला, ३१–३०. पांढऱ्याची चढाई निष्फळ. निळ्याच्या चढाईपटूची पकड, ३२–३०. पांढऱ्याची चढाई पुन्हा निष्फळ. निळ्याचा बोनस, ३२–३१. पांढऱ्याने कोपऱ्यातला गडी टिपला, ३३–३१. निळ्याची शेवटची चढाई निष्फळ, आणि सामना संपला.

पहिल्या तीन कलमांनी या सातांतली एकही चढाई निवडली नाही. एकाही चढाईत दोन गुण नाहीत, आघाडी बदललेली नाही, बरोबरी झालेली नाही. तरीही सामना येथेच ठरला, हे मैदानावर असलेला प्रत्येक जण सांगेल.

केवळ गुणांच्या चढाया घेऊनही हे भागणार नाही, आणि ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पांढऱ्याच्या त्या दोन निष्फळ चढाया अपयशाच्या नव्हत्या. आघाडी हातात असल्यामुळे त्यांचा चढाईपटू निदानरेषा ओलांडून पाय टेकवत होता, कारण चढाई वैध ठरायला तेवढे लागते, आणि उरलेला वेळ घालवून परत येत होता. परंतु लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरी निर्णायक ठरते. तीत गुण आला नाही तर चढाईपटू बाद होतो आणि समोरच्याला गुण मिळतो. म्हणजे वेळ काढण्याची किंमत पांढऱ्याला तिसऱ्या चढाईत चुकवावी लागणार होती, तीही ३२–३१ अशा एका गुणाच्या आघाडीवर. ती चढाई फसली असती तर बरोबरी झाली असती. त्या आधीच्या दोन निष्फळ चढाया पाहिल्या नाहीत तर सांभाळून खेळणारा चढाईपटू अचानक कोपऱ्यावर का तुटून पडला, हे कळायला मार्ग नाही.

चौथे कलम त्यामुळे असे झाले: सामन्याची शेवटची तीन मिनिटे सुरू होताना फरक पाच किंवा त्याहून कमी गुणांचा असेल, तर तिथून पुढचा खेळ निष्फळ चढायांसह सलग, न कापता घ्यावा. पाचाचा आकडा अशासाठी की एका लोणाने आणि त्यानंतरच्या एका चांगल्या चढाईने तेवढे अंतर भरून निघू शकते.

निर्णायक तिसऱ्या चढायांचे स्वतंत्र कलम करावे काय, याचाही विचार केला. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाल्यापासून प्रेक्षक त्या चढायांची वाट पाहतात हे खरे आहे. परंतु त्या चढाईला कोणाला ना कोणाला गुण मिळतोच, त्यामुळे असे कलम काहीच गाळत नाही आणि सामन्याच्या मधल्या भागातले साधे गुण भरमसाट आत आणते. ते घेतले नाही.

२१ जानेवारी

चार कलमे धरून यादी आता २५ चढायांची झाली आहे. तीत ३७ गुण आहेत, पांढरा २१ आणि निळा १६. पंधरा चढायांच्या यादीत पांढऱ्याचा वाटा ६३ टक्के होता, तो आता ५७ टक्क्यांवर आला. प्रत्यक्ष सामन्यात तो ५२ टक्के आहे. उरलेला फरक मी राहू देणार आहे. पांढऱ्याने सामना मोठ्या चढायांच्या बळावर जिंकला हे सत्यच आहे आणि फितीत त्याची छाया पडणे योग्य आहे. ही तुलना इशाऱ्यासाठी वापरायची आहे. दोन्ही टक्के जुळवून आणणे हे उद्दिष्ट नाही.

२५ जानेवारी

नियम स्पष्ट आहे की नाही हे लिहिणाऱ्याला कळत नाही, म्हणून पंचगिरी केलेल्या एका स्नेह्यांना तक्ता आणि चार कलमे दिली, चित्रण दिले नाही. त्यांनी काढलेल्या यादीत माझ्यापेक्षा काही चढाया जास्त आल्या, आणि त्या सर्व दुसऱ्या कलमातल्या होत्या. २०–२० वरून २१–२० झाले तर आघाडी बदलली असे मानायचे काय, हे कलमात लिहिलेले नव्हते. त्यांनी मानली, मी मानली नव्हती. आता कलमात असे जोडले आहे की बरोबरी घ्यावी, आणि बरोबरी फोडणारी चढाई फक्त तेव्हाच घ्यावी जेव्हा आघाडी पूर्वीच्या संघाकडून दुसऱ्याकडे जाते. या वाक्यानंतर दोन्ही याद्या सारख्याच निघाल्या.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, तो पंचांनी फिरवलेल्या निर्णयाचा. उत्तरार्धात एका चढाईला आधी एक गुण दिला गेला आणि पंचांच्या चर्चेनंतर दोन झाले. तक्त्यात अंतिम निर्णयच धरायचा, आणि तुकडा मूळ चढाईवर न थांबवता सरपंचांच्या, म्हणजे मुख्य पंचांच्या, अंतिम इशाऱ्यापर्यंत चालवायचा, मधली चर्चा कापून, असे ठरले. पाहणाऱ्याला जोड दिसली तरी चालेल. गुण कसे बदलले हे न दिसणे त्याहून वाईट.

२६ जानेवारी

तुकड्यांच्या कडांचा नियम ठरवला. आरंभ चढाईपटूचा पाय मध्यरेषा ओलांडण्याच्या दोन सेकंद आधी, शेवट पंचांनी हात वर करून गुणाचा इशारा दिल्यानंतर दोन सेकंदांनी. इशाऱ्याआधीच तुकडा तोडला तर ढिगाऱ्यातून चढाईपटूचा हात रेषेला लागला की नाही याचा निकाल पाहणाऱ्याला मिळत नाही.

कापणी `ffmpeg` ने केली. चित्र पुन्हा संकेतबद्ध न करता `-c copy` ने कापणे फार जलद होते, पण त्या पद्धतीत तुकडा फक्त संपूर्ण साठवलेल्या चौकटीपासूनच नीट सुरू होऊ शकतो, आणि अशा चौकटी काही अंतरानेच असतात. मागितलेली वेळ दोन चौकटींच्या मध्ये पडली की तुकडा आधीपासून सुरू होतो किंवा आरंभी चित्र गोठून फक्त आवाज ऐकू येतो. चढाई पंधरा-वीस सेकंदांची असताना एवढी चूक परवडत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा पुन्हा संकेतबद्ध केला:

```
ffmpeg -ss 00:29:10.4 -i samna.mp4 -t 18.6 \
  -c:v libx264 -crf 18 -c:a aac -b:a 192k \
  -af "afade=t=in:d=0.05,afade=t=out:st=18.55:d=0.05" \
  tukda_07.mp4
```

आवाजाला दोन्ही कडांवर सेकंदाच्या विसाव्या भागाचा उतार दिला आहे. तो नसेल तर गर्दीचा गोंगाट मध्येच तुटून प्रत्येक जोडावर टक असा आवाज येतो.

१ फेब्रुवारी

शेवटच्या तीन मिनिटांच्या सात चढाया एकाच सलग तुकड्यात आल्यामुळे एकूण तुकडे १९ झाले. अठरा सुट्या चढायांचे मिळून ५ मिनिटे ६ सेकंद आणि शेवटच्या तुकड्याची ३ मिनिटे १० सेकंद, असे सारे ८ मिनिटे १६ सेकंद भरतात. जोडणी यादीतून केली:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i yadi.txt -c copy kshanchitre.mp4
```

जोडून झाल्यावर शेवटच्या तुकड्यातली शिट्टी आणि पंचांचा हात एकाच वेळी येतात काय ते पाहिले. आवाज सरकला असेल तर तो जोडागणिक साचत जातो आणि शेवटाकडे सर्वांत स्पष्ट दिसतो. येथे दोन्ही जुळत आहेत.

गुणफलक कॅमेऱ्याच्या चौकटीत नव्हता, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आरंभी कोपऱ्यात त्या क्षणाचे गुण आणि दोन्ही संघांचे उरलेले गडी आकड्यांत दाखवले आहेत. गड्यांचा आकडा नसता तर तिसऱ्या कलमाने आणलेल्या चढाया पाहणाऱ्याला पुन्हा साध्याच वाटल्या असत्या.

२ फेब्रुवारी

फीत आणि चार कलमांचा कागद असे दोन्ही प्रशिक्षकांच्या स्वाधीन केले. निळ्या संघाच्या प्रशिक्षकांनी ती पाहून वेगळीच मागणी केली: त्यांना सरावासाठी आपल्या संघाच्या फक्त बोनसच्या चढाया हव्या आहेत, यशस्वी आणि अयशस्वी दोन्ही. तक्त्यात बोनसचा स्वतंत्र स्तंभ नसल्यामुळे तो आता भरावा लागेल, आणि समोर सहा किंवा अधिक गडी असलेल्या निळ्याच्या सर्व चढाया वेगळ्या काढल्या की पाहायचे चित्रण बरेच कमी होईल. ते काम पुढच्या आठवड्यात घेणार आहे.